तीनशे पिक्सेल

माझ्या नवऱ्याला नोट्स लिहायचं ते अ‍ॅप मीच दिलं, म्हणून दोष द्यायचा तर आधी मला द्या.

अन्वर दुबईतल्या रास अल खोरमधल्या एका कंपनीत इन्स्पेक्टर आहे. वर्कशॉपांमध्ये जायचं, तिथल्या क्रेन, साखळ्या, हुक तपासायचे, आणि घरी येऊन त्याचे रिपोर्ट लिहायचे. पूर्वी तो सगळं कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहायचा. चिटोरे खिशात, खिसा वॉशिंग मशीनमध्ये, आणि मग आमच्या घरात भांडण. शेवटी मी त्याच्या लॅपटॉपवर ते अ‍ॅप घातलं. प्रत्येक वर्कशॉपची एक नोट, प्रत्येक क्रेनला एक हेडिंग, त्याखाली हुक, दोर, ब्रेक. मिटला विषय, असं मला वाटलं.

मी ठाण्यात सात वर्षं वेबसाइटी सजवल्या. लग्न झालं, फिझा झाली, दुबई झाली. इथे मी नवऱ्याच्या व्हिसावर आहे, आणि इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या एका बेडरूमच्या फ्लॅटमधून मुंबईच्या दोन कंपन्यांचं CSS दुरुस्त करून देते. CSS म्हणजे स्क्रीनवर काय केवढं, कुठं आणि कुठल्या रंगात दिसावं हे सांगणारी भाषा. एखादं बटण दोन पिक्सेल, म्हणजे स्क्रीनवरचे दोन ठिपके, खाली सरकलं तर मला जेवण गोड लागत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, पुढं शरमेनं सांगायचं आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

तर त्या अ‍ॅपमध्ये एक सोय आहे. नोट्सच्या फोल्डरात सेटिंगचं एक लपलेलं फोल्डर असतं, त्यात स्निपेट्स नावाचं आणखी एक. तिथं आपली छोटीशी CSS फाइल ठेवायची, सेटिंगमध्ये तिच्या नावापुढचं बटण चालू करायचं, की अ‍ॅपचं रूप आपल्या मनासारखं. लिहायच्या जागेची रुंदी मुळात सातशे पिक्सेल असते. ती बदलायला एवढंच लागतं:

body {
  --file-line-width: 600px;
}

पहिल्यांदा अन्वरनं मागितली ती ही सहाशे. "ओळ फार लांब वाटते गं, जरा कमी कर." केली. मग पाचशेवीस. मग म्हणाला हेडिंगला डाव्या बाजूला जाड पट्टी दे, पिवळी. दिली. मग म्हणाला हेडिंगची अक्षरं फार मोठी आहेत, लहान कर. मी लहान केली. दोन महिन्यांनी अजून लहान. मग रुंदी चारशेचाळीस. मग तीनशेसाठ.

मी वैतागायचे. माझ्या क्लायंटांची कामं तुंबलेली असायची आणि हा चहाचा कप हातात घेऊन दारात उभा. "उझमा, दोन मिनिटं." मी म्हणायचे, "तुम्हाला नोट्स लिहायच्यात की नोट्सना मेकअप करायचाय?" तो हसायचा. वरात निघायची वेळ झाली तरी नवरीला टिकली लावणारी माणसं असतात ना, त्यातला वाटायचा मला तो. शिवाय डोळ्यांचं काही असेल ही शंका यायचं कारणच नव्हतं. डोळे अधू झालेला माणूस अक्षरं मोठी करून मागतो. हा तर लहान मागत होता.

तो हल्ली धडपडायचा, हे खरं. सोफ्याच्या कोपऱ्याला गुडघा, कपाटाच्या उघड्या दाराला कपाळ. टेबलावर ठेवलेला पाण्याचा ग्लास त्याच्या कोपरानं आठवड्यातून एकदा तरी खाली जायचा. मी म्हणायचे, "दिसत नाही का?" असं आपण म्हणतोच की. उत्तराची वाट कोण बघतं?

त्या शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर तो पुन्हा दारात आला.

"उझमा, तीनशे करून दे ना."

"काय तीनशे?"

"रुंदी."

त्या दिवशी मुंबईच्या क्लायंटनं एकच पान चौथ्यांदा परत पाठवलं होतं. माझं डोकं आधीच तापलेलं. मी म्हटलं, "तीनशे पिक्सेल म्हणजे माहितीये किती? फोनपेक्षा अरुंद. सत्तावीस इंचाचा मॉनिटर घेतलाय तुम्ही, आणि मधोमध एक रिबीन लावून बसणार? एवढा स्क्रीन काय शोभेला आहे?"

"करून दे ना, यार. रिपोर्ट द्यायचेत."

तो नमाजाला आत गेला. फिझा खाली मैत्रिणीकडे होती. मी त्याच्या टेबलाशी गेले आणि मनात म्हटलं, थांब, आज तुझी खोडच मोडते. त्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये वाचायला सोयीची रुंदी ठेवणारं एक बटण आहे. ते चालू असतं तोवरच माझ्या फाइलीतला आकडा चालतो. ते बंद केलं की फाइल तशीच राहते पण तिचं कोणी ऐकत नाही, आणि ओळी खिडकीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरतात. मी ते बंद केलं. नोट पूर्ण मॉनिटरभर पसरली. पिवळ्या पट्टीची हेडिंगं सरकून पार डाव्या कडेला जाऊन बसली. झकास दिसत होतं, खोटं कशाला बोलू. मी बाजूला स्टूल ओढून बसले, त्याची कशी फजिती होते ते बघायला.

तो आला, खुर्चीत बसला, स्क्रीनच्या मधोमध बघू लागला. कपाळाला आठी.

"हेडिंगं कुठं गेली?"

मी स्टूलवर मजेत पाय हलवत बसले.

"उझमा, हेडिंगं उडवलीस काय? खलास सगळी. क्रेनचे नंबरच दिसत नाहीत."

हेडिंगं त्याच्या समोर होती. त्याच्या नजरेपासून फार तर वीतभर डावीकडे. सहा हेडिंगं, प्रत्येकाला माझ्या करंगळीएवढी जाड पिवळी पट्टी, काळ्या पार्श्वभूमीवर. खोलीच्या दारातूनसुद्धा दिसली असती.

मला आधी हसू आलं. वाटलं, हा माझीच फिरकी घेतोय. मग मी त्याचे डोळे बघितले. ते मधोमध रोखलेले होते आणि माउसचा बाण तिथेच गोल गोल फिरत होता. मी डाव्या बाजूला बसले होते. मी हळूच हात उचलला आणि त्याच्या कानशिलाजवळून पुढं नेत बोटं हलवली. काही नाही. अजून पुढं नेली, गालाच्या रेषेपर्यंत. काही नाही. मॉनिटरच्या कडेपर्यंत माझा हात पोचला तरी माझ्या नवऱ्याची पापणी लवली नाही.

तेवढ्यात त्यानं मान वळवली. आधी डाव्या कडेला, आणि तिथून माझ्या हातावर. माझा हात अजून हवेतच होता.

त्यानं माउस सोडून दिला.

मी उठले आणि काहीतरी करायचं म्हणून, दुसरं काही सुचेना म्हणून, ती फाइल उघडली. मला एक सवय आहे. आकडा बदलला की वर शेरा लिहून ठेवायचा, कुठल्या तारखेला किती होता आणि किती केला. ऑफिसात शिकलेली सवय, घरातही सुटत नाही. फाइलच्या वरच्या बाजूला माझ्याच हातचे शेरे एकाखाली एक होते. सातशेचे सहाशे. सहाशेचे पाचशेवीस. चारशेचाळीस. तीनशेसाठ. पावणेदोन वर्षांच्या तारखा. डॉक्टर केसपेपरवर लिहितो तसे मी ते लिहिले होते, आणि एकदाही वरपासून खालपर्यंत वाचले नव्हते.

मी म्हटलं, "तुम्हाला किती दिसतं?"

"मधलं दिसतं. एकदम साफ दिसतं."

"आणि बाजूचं?"

तो म्हणाला, "मामूंना झालं होतं तेच."

त्याचे मामू म्हणजे माझ्या सासूचे, मरियमबीचे थोरले भाऊ. मी लग्न होऊन गेले तेव्हा ते अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि आवाजावरून माणसं ओळखायचे. घरात सगळे म्हणायचे, आधी रातांधळेपणा आला, मग हळूहळू गेले डोळे. कोणी कधी त्या आजाराला नाव दिलं नव्हतं. अन्वरला मात्र इथल्या डॉक्टरनं नाव दिलं होतं. डोळ्याच्या पडद्याचा आजार, रक्तातून येणारा. कडेनं अंधारत येतं आणि मधली जागा लहान लहान होत जाते. त्याला जे आहे त्यावर आज तरी इलाज नाही.

"म्हणून अक्षरं लहान," मी म्हटलं.

"मोठं अक्षर मावत नाही गं. एक शब्द बघायला दोनदा मान फिरवावी लागते. लहान असलं की चार शब्द एकदम बसतात. आणि ओळ संपवून परत आलो की पुढची कुठं सुरू होते ते सापडत नाही. त्यासाठी रुंदी कमी, आणि हेडिंग सापडावं म्हणून पट्टी."

किती सोपं होतं. गणिताच्या पुस्तकात मागं उत्तर असतं तसं. दुसऱ्या कुठल्या वेबसाइटवर एखाद्यानं अशा मागण्या केल्या असत्या तर मी पहिल्या दिवशी विचारलं असतं, वाचणारा कोण आहे, त्याला अडचण काय आहे. ते तर माझं कामच आहे.

मला राग आला. भीती वाटली की मला आधी राग येतो, हा माझा स्वभाव. "आणि तुम्ही गाडी चालवता? फिझाला घेऊन? रोज सकाळी?"

"मेडिकल पास आहे मी."

"कसं काय पास?"

"तिथं भिंतीवरचा तक्ता वाचायला लावतात. शेवटची ओळसुद्धा वाचतो मी. बाजूचं कोणी विचारतच नाही." तो हसला, पण ते हसू नव्हतं. "डॉक्टरनं सांगितलं होतं, गाडी बंद कर, कंपनीला कळव. मी म्हटलं, इन्शाल्ला, कळवतो. कळवून काय होणार ते तूच सांग. इन्स्पेक्टरला बाजूनं येणारा फोर्कलिफ्ट दिसत नाही म्हटल्यावर कोण ठेवेल? माझा व्हिसा गेला की तुझा गेला, फिझाचा गेला. ती सातवीच्या मध्यात आहे. इथून उठून कुठं जायचं? माझ्या अम्मीला काय सांगायचं, तुझ्या भावाची खुर्ची रिकामीच आहे ना, मी येतोय म्हणून?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. सांगितलं तर इथलं सगळं जाणार. नाही सांगितलं तर एखाद्या सकाळी कोणाचा तरी जीव जाणार, कदाचित आमच्याच मुलीचा. मी खोलीभर नजर फिरवली. पलंग, कपाट, फिझाच्या वह्या, माझं टेबल, त्याचं टेबल. या सगळ्याखाली एकच कागद होता, त्याचा व्हिसा. तो काढला की यातलं काहीच आमचं नव्हतं. हा माणूस पावणेदोन वर्षं हे मनात घेऊन बसला होता, माझ्यापासून चार फुटांवर, तेच मला सहन होईना.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. "मला, अन्वर?"

त्यानं की-बोर्डवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "सांगत होतो की."

"कधी?"

"उझमा, तो एक आकडा आहे. फाइल कुठं असते, कशी सेव्ह करायची, ते तू मला पहिल्याच आठवड्यात दाखवलंस. मी क्रेनची ड्रॉइंगं वाचतो. मला एक आकडा बदलता येत नाही असं वाटलं तुला? प्रत्येक वेळी तुझ्याकडे आलो. वाटायचं, आज विचारेल, का हवंय म्हणून. तू विचारलंस की सांगून टाकायचं, असं ठरवून यायचो. माझ्या तोंडून आपणहून निघत नव्हतं."

मला रडू आलं. आयुष्यभर मी पिक्सेल मोजत आले. नवरा पुन्हा पुन्हा दारात उभा राहिला आणि आजवर दर वेळी मी नुसता आकडा बदलून दिला. त्याचं काम झालं, माझी कटकट मिटली. का, एवढा एकच शब्द विचारायचा होता. मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. तो दचकला, कारण मी बाजूनं आले होते.

थोड्या वेळानं मी डोळे पुसले, सेटिंगमधलं ते बटण पुन्हा चालू केलं आणि फाइलमध्ये तीनशे लिहिलं. सेव्ह केल्याबरोबर पसरलेल्या ओळी गोळा होऊन मधोमध आल्या, हेडिंगं आली, पट्ट्या आल्या. अन्वरचे खांदे खाली आले. तो भराभर वाचू लागला, एखाद्या धडधाकट माणसासारखा. त्या रिबिनीत तो खरंच धडधाकट होता.

"गाडीची किल्ली द्या," मी म्हटलं.

त्यानं खिशातून काढून दिली. वाद घातला नाही. मला वाटतं कोणीतरी ती मागावी म्हणूनच तो थांबला होता.

रविवारी सकाळी आम्ही मिळून त्याच्या मॅनेजरला, राजन सरांना, मेल लिहिला. राजन सर पुण्याचे, माणूस बरा आहे, पण कंपनी त्यांची नाही. मेल त्याच अ‍ॅपमध्ये लिहिला, त्या तीनशे पिक्सेलमध्ये. त्यात आजाराचं नाव लिहिलं, डॉक्टरचा रिपोर्ट जोडतोय असं लिहिलं, आणि साइटवर न जाता ऑफिसात बसून इतरांचे रिपोर्ट तपासायचं काम देता येईल का, ते विचारलं. अन्वरनं तीनदा पुसलं आणि तीनदा लिहिलं. पाठवायच्या आधी म्हणाला, "पाठवला की मग परत घेता येत नाही."

"माहितीये."

"नाही म्हणाले तर?"

"तर मग जाऊ," मी म्हटलं. कुठं ते मला माहीत नव्हतं. त्यानं पाठवला. राजन सरांचं दोन ओळींचं उत्तर दुपारी आलं. उद्या साइटवर जाऊ नका, दहा वाजता एचआरमध्ये या, बोलू. यातून काय कळायचं? आम्ही त्या दोन ओळी संध्याकाळपर्यंत उलटसुलट वाचत बसलो. बोलू म्हणजे ठेवू, की बोलू म्हणजे काढू?

फिझाला सांगायचं राहिलं होतं. संध्याकाळी ती सोफ्यावर पाय वर घेऊन फोन बघत बसली होती. अन्वर तिच्या बरोबर समोर जाऊन बसला, तिला नीट बघता यावं म्हणून. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

"बेटा, उद्यापासून शाळेत टॅक्सीनं जायचं. अम्मी सोडेल. अब्बा आता गाडी नाही चालवणार."

तिनं फोन खाली ठेवला. "एव्हर?"

"एव्हर. माझ्या डोळ्यांना ना, बाजूचं..."

"आय नो, अब्बा."

मी पुढं आले. "काय नो? तुला काय माहिती?"

तिनं आधी त्याच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, चोरी पकडल्यासारखं. मग मान खाली घालून मराठीत म्हणाली, "अब्बांना उजवीकडच्या गाड्या दिसत नाहीत. म्हणून मी सांगते. गाणं म्हणत असले तरी बघत असते. ट्रक आला की सांगते, कोणी मध्ये घुसला की सांगते. लास्ट इयरपासून. ते थँक यू पण म्हणत नाहीत, कारण त्यांना वाटतं मी अशीच बडबडतेय."

अन्वरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"सो," तिनं विचारलं, अगदी हळू, कोणी नाही म्हणेल या भीतीनं, "आय डोन्ट हॅव टु वॉच द रोड एनीमोर?"

"नाही बेटा," मी म्हटलं.

तिनं सोफ्याच्या पाठीला डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले. बारा वर्षांची माझी पोर, एखादी बाई दिवसभराचं काम उरकून टेकते तशी टेकली, आणि पाचच मिनिटांत तिथेच झोपून गेली.